जुन्या क्लायंटकडे लिंक्डइनवर शिफारस मागायची आहे, पण त्यांना अवघड वाटू नये अशी कशी मागू?

रेवाकाठ
नमस्कार. मी नाशिकची. मी कारखान्यांसाठी मराठीत सूचना लिहिते : मशीनवर लावायचे तक्ते, ऑपरेटरसाठी पुस्तिका, सुरक्षेच्या पाट्या. २०२२ मध्ये सिन्नरच्या एका खाद्यप्रक्रिया प्लांटसाठी १४ तक्ते आणि ४० पानांची पुस्तिका केली होती. तिथल्या ट्रेनिंग विभागाच्या प्रमुख सरांशी काम छान झालं, पैसेही वेळेवर आले. त्यानंतर अधूनमधून दिवाळीच्या शुभेच्छा, एवढाच संपर्क.

आता हेच काम पूर्णवेळ करायचं ठरवलंय. ज्या दोन कंपन्यांशी बोलणं चालू आहे तिथल्या लोकांनी आधी माझं लिंक्डइन पाहिलं, आणि तिथे शिफारशींचा रकाना मोकळा आहे. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सरांच्या प्रोफाइलवर जाऊन Request a recommendation दाबलं आणि तिथे आधीच भरून आलेलं वाक्य तसंच पाठवून दिलं. अजून उत्तर नाही. सर चांगले आहेत, रागावले असतील असं वाटत नाही. पण आता पुन्हा विचारायचं तर कसं? त्यांना नाही म्हणायला जड जाईल असं काही मला करायचं नाही.

माणदेशी
ताई, माझ्याकडे एक्सेलला ४० लोकांनी मान्यता दिलीय आणि टॅलीला २५. मी कुणाला विचारलंही नाही, मी त्यांना दिली, त्यांनी मला दिली. तुम्हीही आधी दहा-बारा जणांच्या कौशल्यांवर टिचकी मारा, ते आपसूक परत देतात.

रेवाकाठ
@माणदेशी, धन्यवाद, पण ते वेगळं. ती एका टिचकीची मान्यता. मला हवी आहे ती माणसाने स्वतः चार ओळी लिहून दिलेली शिफारस, जी त्याच्या नावासकट आणि फोटोसकट दिसते.

सडाफटिंग
मी सहा वर्षं वेबसाइट बनवतोय, माझ्याकडे ११ शिफारशी आहेत. सोपा उपाय सांगतो. क्लायंटला लिहायला लावूच नका. आख्खा मजकूर स्वतः लिहा आणि पाठवा, "सर, हे तयार आहे, फक्त चिकटवा." त्यांना अर्धं मिनिट लागतं. वर सांगा की मीही तुमची शिफारस लिहितो, म्हणजे त्यांनाही बरं वाटतं. आणि तारीख द्या. "शुक्रवारपर्यंत" म्हटलं नाही तर कुणीही करत नाही.

खरेदीखातं
मी या व्यवहारात दुसऱ्या बाजूला बसते. पुण्याजवळ वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत खरेदी बघते, त्यामुळे काम संपलेले पुरवठादार आणि सल्लागार माझ्याकडे शिफारस मागतात. माझ्याकडे विनंत्या पडून का राहतात ते सांगते, म्हणजे सरांच्या गप्प राहण्याचा उलगडा होईल.

पहिलं कारण म्हणजे आठवत नाही. दोन वर्षांत माझ्या हाताखालून तीसेक पुरवठादार गेले. "मला शिफारस लिहून द्याल का" एवढंच वाचल्यावर माणूस आठवतो, काम चांगलं होतं हेही आठवतं, पण नक्की काय चांगलं होतं ते आठवत नाही. समोर मोकळी चौकट असते. "मेहनती आहेत, वेळेवर काम करतात" असलं काही लिहायला मला लाज वाटते, म्हणून मी "रविवारी निवांत लिहू" म्हणते. तो रविवार येत नाही.

दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. ती शिफारस तुमच्या प्रोफाइलवर दिसतेच, पण माझ्याही प्रोफाइलवर 'दिलेल्या शिफारशी' म्हणून दिसू शकते. माझ्या नावाखाली माझं पद आणि कंपनी असते. म्हणजे माझा साहेब ती वाचू शकतो, आणि ज्याला पुढच्या वेळी काम मिळालं नाही तो पुरवठादारही वाचू शकतो. मला आधी ठरवावं लागतं की हे लिहिलेलं चालेल का. ते ठरवायला कुणाला विचारावं लागणार असेल तर विनंती तिथेच अडकते.

म्हणजे सरांचं काम दोन ठिकाणी हलकं करायला हवं. काय लिहायचं ते त्यांच्या हातात आयतं असावं, आणि नाही म्हणायची वाट आधीच उघडी असावी.

रेवाकाठ
हे दुसरं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजत होते की ते फक्त माझ्याच पानावर दिसतं.

सडाफटिंग
@खरेदीखातं, म्हणजे माझंच म्हणणं झालं ना? आयता मजकूर द्या.

खरेदीखातं
अर्धं तुमचं खरं आहे. फार घाईतला माणूस स्वतःहून म्हणतो, "तूच लिहून दे, मी टाकतो." तेव्हा जरूर द्या. पण न मागता आख्खा मजकूर आला की मला दुसऱ्याच्या कागदावर सही केल्यासारखं वाटतं. शिवाय तो माझ्या बोलण्यासारखा नसतो. एका सल्लागाराने मला पाठवलेला मसुदा पुढे त्याच्या प्रोफाइलवर आणखी दोघांच्या नावाखाली, थोडे शब्द बदलून, मला दिसला. त्यानंतर मी माझी शिफारस काढून घेतली. देणाऱ्याला ती कधीही काढता येते.

मग आयतं म्हणजे काय? त्या माणसाने आधीच लिहिलेलं वाक्य. रेवाताई, काम संपलं तेव्हा सरांनी काही मेल केली होती का? आभाराची, बिलासोबतची, कशीही. ती शोधा.

अदलाबदलीचं मला पटत नाही. दोन्ही शिफारशींवर तारीख येते. चार दिवसांच्या अंतराने एकमेकांची स्तुती दिसली की वाचणारा दोन्ही सोडून देतो. मनापासून द्यायचीच असेल तर आधी, काही न मागता, द्यावी.

अश्विन_क
तारखेबद्दल मी सडाफटिंगच्या बाजूने आहे. मुदत नसलेलं काम होत नाही.

खरेदीखातं
खरी तारीख असेल तर लिहा. "२० तारखेला एका कंपनीला प्रस्ताव द्यायचा आहे, त्याआधी झालं तर उपयोग होईल," हे मला आवडतं, कारण त्यात कारण आहे. नुसतं "शुक्रवारपर्यंत" म्हटलं की मी तुमची नोकर नाही, असं मनात येतंच. यावर दुमत असू शकेल, मी माझ्यापुरतं सांगते.

रेवाकाठ
मेल सापडली! नोव्हेंबर २०२२ ची, शेवटच्या बिलाच्या उत्तरात. सरांनी लिहिलंय : "तक्ते लावल्यापासून नवीन माणूस तीन दिवसांऐवजी एका दिवसात मशीनवर उभा राहतो. सुपरवायझर खूश आहेत." हे मी पार विसरले होते.

आता मसुदा केलाय, बघा :

"आदरणीय सर, सविनय नमस्कार. आपली तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. आपल्यासोबत काम करण्याचा अनुभव माझ्यासाठी अत्यंत मोलाचा होता. सध्या मी पूर्णवेळ या क्षेत्रात उतरले असून सुरुवातीच्या काळात कामं मिळवणं कठीण जात आहे. आपण आपला अमूल्य वेळ काढून माझ्याविषयी लिंक्डइनवर दोन शब्द लिहिलेत तर मी आपली आजन्म ऋणी राहीन. आपल्या नकाराची मला कल्पनाही करवत नाही. कृपया लवकरात लवकर लिहावे ही नम्र विनंती."

खरेदीखातं
मन दिसतंय यात, पण हे वाचून सर दडपतील. "कामं मिळवणं कठीण जात आहे" म्हटलं की त्यांच्या चार ओळींवर तुमचं घर चालणार, असा भार त्यांच्यावर येतो. "आजन्म ऋणी" आणि "कल्पनाही करवत नाही" यांनी नकाराचं दार बंद होतं. असं दार बंद झालं की माणूस हो म्हणत नाही, गप्प बसतो. आणि एवढ्या ओळींत सरांना काय लिहायचं ते कुठेच कळत नाही. सापडलेलं वाक्य तर तुम्ही घातलंच नाहीत!

क्रम साधा ठेवा : मी कोण, कोणतं काम, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात, आता काय हवंय, नाही म्हटलं तरी चालेल. फोनवर न स्क्रोल करता मावेल एवढंच. आणि हे लिंक्डइनवर नको, जिथे तुमचं बोलणं होतं तिथे पाठवा. लिंक्डइनची रीतसर विनंती 'हो' आल्यावरच.

पणजीकर_शुभा
मध्येच विचारते, माफ करा. मी गोव्यात ग्राफिक डिझाइन करते, पण कामं एका एजन्सीमार्फत येतात. एका मोठ्या हॉटेलचं सगळं छापील साहित्य मी केलंय, आणि हॉटेलवाल्यांना माझं नावही माहीत नाही. त्यांच्या मार्केटिंग मॅडमना मी जोडणीची विनंती पाठवून शिफारस मागू का? काम तर माझंच आहे.

अश्विन_क
@पणजीकर_शुभा, करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. माझ्या करारात एजन्सीच्या क्लायंटशी थेट संपर्क करायचा नाही असं स्पष्ट होतं. आणि जोडणी नसेल तर लिंक्डइन शिफारस मागूच देत नाही, म्हणजे त्या मॅडमना तुम्ही आधी अनोळखी म्हणून गाठणार आणि लगेच मागणार.

खरेदीखातं
शुभा, ज्या माणसाने तुम्हाला रोज काम दिलं, तपासलं, बदल सांगितले, तो एजन्सीतला आर्ट डायरेक्टर किंवा अकाउंट बघणारा. तुमचा क्लायंट तो. त्याला विचारा, आणि हॉटेलचं नाव न घेता लिहायला सांगा. "एका हॉटेलसमूहाचं काम" एवढं पुरतं.

पणजीकर_शुभा
तो एजन्सी सोडून गेलाय, आणि निघताना मालकाशी वाजलं होतं. मी त्याच्याकडून शिफारस घेतली तर मालक मला काम देणं थांबवेल अशी भीती आहे. बघते.

रेवाकाठ
नवा मसुदा :

"नमस्कार सर, मी रेवा. २०२२ मध्ये प्लांटसाठी मशीनवरचे १४ तक्ते आणि ऑपरेटर-पुस्तिका केली होती. आता हेच काम इतर कारखान्यांसाठीही करते आहे. तेव्हा तुम्ही मेलमध्ये लिहिलं होतं, 'नवीन माणूस तीन दिवसांऐवजी एका दिवसात मशीनवर उभा राहतो.' हेच तुमच्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत लिंक्डइनवर लिहाल का? चालणार असेल तर फक्त 'हो' कळवा, मी तिथून रीतसर विनंती पाठवते. मागे एक विनंती नुसतीच पाठवली होती, ती सोडून द्या. कंपनीच्या नियमात बसत नसेल किंवा सध्या जमत नसेल तर तसं सांगा, अगदी मोकळेपणाने."

सडाफटिंग
हे माझ्या 'फक्त चिकटवा'पेक्षा बरं आहे, मान्य.

खरेदीखातं
छान. एकच शंका. "तीन दिवसांऐवजी एक" हा प्लांटच्या आतला आकडा आहे. खाजगी मेलमध्ये लिहिणं वेगळं, स्वतःच्या नावाने चारचौघांत लिहिणं वेगळं. आमच्याकडे असा आकडा बाहेर द्यायचा तर परवानगी लागते. तुम्ही वाक्यानंतर एवढं जोडा : "आकडा नको असेल तर तो वगळून." म्हणजे एका आकड्यापायी सगळंच अडकणार नाही.

आणि विनंती पाठवण्याआधी स्वतःचं प्रोफाइल उघडून बघा. तिथे तेव्हाचं तुमचं पद निवडावं लागतं. २०२२ चं हे काम तुमच्या अनुभवात आहे का?

रेवाकाठ
नाही!! २०२२ मध्ये मी शाळेत शिकवत होते आणि हे काम संध्याकाळी करायचे. प्रोफाइलवर तेव्हाची फक्त शिक्षिकेची नोकरी आहे. आता आठवलं, पहिल्या विनंतीत मी पद म्हणून तीच निवडली होती, कारण दुसरं काही यादीत आलंच नाही.

अश्विन_क
मग सरांना दिसलं असणार की शाळेतल्या बाईंची शिफारस मागितलीय, आणि ते बुचकळ्यात पडले असतील. आधी अनुभवात "स्वतंत्र तांत्रिक लेखिका, २०२१ पासून" अशी नोंद करा. मग नवी विनंती त्या पदावर पाठवा. नात्याच्या यादीत ते तुमचे क्लायंट होते असा पर्याय निवडा. 'एकत्र काम केलं' निवडलंत तर तुम्ही तिथे नोकरीला होता असं वाचणाऱ्याला वाटतं. जुनी विनंती Pending मध्ये दिसेल, ती काढून टाका, नाहीतर ते चुकून तिच्यावरच लिहितील.

रेवाकाठ
नोंद केली, जुनी विनंती काढली. सरांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवलाय, आकड्याचं वाक्य जोडून. सकाळी साडेदहाला पाठवला, कारण प्लांटची सकाळची बैठक दहाला संपते हे मला माहीत आहे.

माणदेशी
ताई, निळ्या खुणा आल्या का?

रेवाकाठ
आल्या, पण उत्तर नाही. आज चौथा दिवस.

खरेदीखातं
थांबा. दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, आणि "पाहिलंत का सर?" असं नको, त्यातून फक्त टोचणी पोचते. आठवण करताना काम आणखी हलकं करा. "सोयीचं असेल तर तुमच्याच मेलवरून दोन ओळी मी जुळवून पाठवू का?" असं विचारा. सडाफटिंग म्हणतात तो मसुदा इथे बसतो. त्यानंतर विषय बंद. पुढच्या दिवाळीच्या शुभेच्छांत याचा उल्लेखही नको.

रेवाकाठ
सहाव्या दिवशी उत्तर आलं! सरांनी लिहिलंय : "हो, लिहितो. आकडा नको, आमच्याकडे चालत नाही. मराठीत लिहू की इंग्रजीत?" काय सांगू?

अश्विन_क
इंग्रजी. काम देणारा एचआरवाला बंगळुरूला बसलेला असू शकतो.

पणजीकर_शुभा
मला मराठी वाटतं. तुमचं कामच मराठी लिहिण्याचं आहे.

खरेदीखातं
सरांना जी सहज येते ती. भाषेवरून त्यांना पुन्हा विचारात पाडू नका. मी असते तर "तुम्हाला सोपी वाटेल ती" एवढंच कळवलं असतं आणि लगेच लिंक्डइनवरून विनंती पाठवली असती, 'हो' गरम असतानाच. आणि त्या विनंतीतलं आधीच भरलेलं वाक्य पुसून तिथे त्यांच्या मेलचा सारांश घाला, म्हणजे लिहिताना त्यांना व्हॉट्सॲप शोधत बसावं लागणार नाही.

रेवाकाठ
तसंच केलं. काल रात्री शिफारस आली, इंग्रजीत, पाच ओळी. आकडा नाही. पण त्यांनी जे लिहिलंय ते मी कधी मागितलंच नसतं. पुस्तिका छापण्याआधी मी दोन रात्री तिसऱ्या पाळीत प्लांटवर थांबले होते, कारण कंत्राटी कामगारांना 'निर्जंतुकीकरण' कळत नव्हतं आणि ते त्याला काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं. शेवटी तक्त्यावर 'गरम पाण्याची धुलाई' लिहिलं. मी ते केव्हाच विसरले होते. सरांनी नेमकं तेच लिहिलंय, की या बाई रात्रपाळीत येऊन कामगारांचे शब्द ऐकून गेल्या आणि त्यामुळे तक्ते वाचले जातात. वाचून डोळे भरून आले.

फक्त एक अडचण. शेवटच्या ओळीत त्यांनी एका मशीनचं आणि ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेतलंय. माझ्या गोपनीयतेच्या करारात मशीनची नावं बाहेर सांगायची नाहीत असं आहे.

खरेदीखातं
तुमच्या वाक्यापेक्षा त्यांची आठवण कितीतरी सरस निघाली! म्हणूनच मी आख्ख्या मसुद्याच्या विरुद्ध होते. तुम्ही लिहिलं असतं तर ही रात्रपाळी आलीच नसती.

तुम्ही ती प्रोफाइलवर घेत नाही तोवर ती लोकांना दिसत नाही, त्यामुळे घाई नाही. मजकूर तुम्हाला बदलता येत नाही, पण Ask for revision करून त्यांच्याकडे परत पाठवता येते. मात्र ते बटण दाबण्याआधी व्हॉट्सॲपवर कळवा, नाहीतर न आवडून परत केली असं वाटेल. आणि नेमकं सांगा : "शेवटच्या ओळीत मशीनच्या नावाऐवजी 'पॅकिंग मशीन' करता का, माझ्या करारामुळे." बाकी एका शब्दालाही हात नको.

अश्विन_क
हे मात्र मला जोखमीचं वाटतं. एवढं चांगलं लिहिलेल्या माणसाला परत कामाला लावायचं? नाव त्यांनीच घेतलंय, जबाबदारी त्यांची. मी असतो तर तसंच लावलं असतं.

खरेदीखातं
करारावर सही रेवाची आहे. दिसणार तिच्या पानावर.

सडाफटिंग
मी दोघांच्या मधे आहे. परत पाठवलेल्या माझ्या दोन शिफारशी कधीच परत आल्या नाहीत. पण मी नुसतं बटण दाबलं होतं, आधी बोललो नव्हतो.

रेवाकाठ
आत्ता सरांना फोन केला, निरोप नको वाटला. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, मलाही ते नाव घ्यायला नको होतं." परत पाठवलीय, दुपारी जेवणानंतर दुरुस्त करतो म्हणालेत. आणि नव्या प्लांटच्या ट्रेनिंग बघणाऱ्या मॅडमचा नंबर त्यांनी आपणहून दिला.

पणजीकर_शुभा
रेवाताई, फार छान वाटलं वाचून. मी आज जुन्या मेल चाळायला बसलेय. आर्ट डायरेक्टरच्या तीन सापडल्या. मालकाचं काय करायचं ते अजून ठरत नाही.